लॉजिस्टिक मॅप: एका विकलजावरून क्रमिकेचं भवितव्य कसं ओळखायचं

० आणि १ यांच्या मधली एक संख्या घ्या. तिला x म्हणू. १ मधून ती वजा करा, आलेल्या उत्तराला पुन्हा x ने गुणा, आणि मग r या एका ठरलेल्या संख्येने गुणा. जे उत्तर येईल ते नवं x. त्याच्यावर पुन्हा हीच क्रिया. एवढंच करत राहायचं. सूत्रात ते असं दिसतं:

```
x[n+1] = r * x[n] * (1 - x[n])
```

यालाच लॉजिस्टिक मॅप म्हणतात. एखाद्या प्रजातीची संख्या एका पिढीतून दुसऱ्या पिढीत कशी बदलते, याचं हे अगदी साधं प्रतिमान आहे. त्या जागेत जास्तीत जास्त जेवढे जीव मावू शकतात, त्यांच्या तुलनेतलं सध्याचं प्रमाण म्हणजे x, आणि वाढीचा जोर म्हणजे r. रॉबर्ट मे यांनी १९७६ साली 'नेचर'मधल्या लेखात या समीकरणाकडे लक्ष वेधलं आणि इतकं साधं सूत्र किती गुंतागुंतीचं वागू शकतं ते दाखवलं. आपण मात्र प्रजाती बाजूला ठेवू आणि एकच प्रश्न घेऊ: r दिला असेल, तर ही क्रमिका शेवटी कुठे जाऊन स्थिरावते? की ती स्थिरावतच नाही?

त्यासाठी दोन गोष्टी यायला हव्यात. वर्गसमीकरण सोडवता आलं पाहिजे, आणि x² चं विकलज 2x असतं हे ठाऊक पाहिजे. आकडेमोडीला कोणतीही स्प्रेडशीट चालेल.

आधी शीट मांडून घ्या

B1 या घरात r ची किंमत लिहा, A2 मध्ये सुरुवातीची x. मग A3 मध्ये हे सूत्र टाका आणि खाली दोनशे ओळींपर्यंत ओढा:

```
=$B$1*A2*(1-A2)
```

डॉलरची चिन्हं विसरू नका. ती नसली तर सूत्र खाली ओढताना B1 चं B2, B3 होत जाईल, आणि ती घरं रिकामी असल्यामुळे सगळीकडे शून्य दिसेल.

r ची किंमत ० ते ४ यांच्यातच ठेवायची. कारण सरळ आहे. x(1−x) ची सर्वांत मोठी किंमत x = १/२ ला येते आणि ती १/४ असते. म्हणून नवी x कधीच r/4 पेक्षा मोठी होत नाही. r चार किंवा त्याहून कमी असेल, तर ० ते १ मध्ये सुरू झालेली क्रमिका तिथेच राहते. r चारच्या वर गेला की काही संख्या १ ओलांडतात, पुढच्याच पायरीला ऋण होतात, आणि तिथून ऋण दिशेने वेगाने पळत सुटतात. शीटमध्ये अचानक प्रचंड मोठे ऋण आकडे दिसले, तर आधी B1 आणि A2 तपासा.

आता r = २.८ आणि x ची सुरुवात ०.२ घेऊन पाहू. तुमच्या पडद्यावर हे आकडे यायला हवेत:

```
0.2
0.448
0.69243
0.59632
0.67402
0.61520
0.66284
0.62575
```

आकडे वरखाली होताहेत, पण दर वेळी थोडे कमी. आणखी खाली गेलात तर ते ०.६४२८५७ वर येऊन थांबलेले दिसतील. सुरुवात बदलून ०.७ किंवा ०.९३ करा, शेवट तोच. हा आकडा आला कुठून?

अचल बिंदू शोधणं

क्रमिका एखाद्या संख्येवर थांबते याचा अर्थ असा, की त्या संख्येवर क्रिया केली तरी तीच संख्या परत मिळते. अशा संख्येला अचल बिंदू म्हणू. त्यासाठी हे समीकरण सोडवायचं:

```
x = r x (1 - x)
```

x = ० हे एक उत्तर उघडच आहे. x शून्य नसेल, तर दोन्ही बाजूंना x ने भागून १ = r(1−x) मिळतं, म्हणजे x = 1 − 1/r. r = २.८ साठी हे १ − ०.३५७१४३ = ०.६४२८५७. शीटमधला आकडा जुळला.

पण इथे एक शंका यायला हवी. r = २.८ ला अचल बिंदू दोन आहेत, ० आणि ०.६४२८५७. मग क्रमिका दर वेळी दुसऱ्याकडेच का जाते? आणि r = ३.२ ठेवून पाहिलंत, तर १ − १/३.२ = ०.६८७५ हा अचल बिंदू असूनही क्रमिका तिथे जातच नाही. अचल बिंदू असणं आणि त्याच्याकडे ओढलं जाणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली समीकरणाने कळते, दुसरी विकलजाने.

विकलज म्हणजे फरकाचा गुणक

या लेखातला हा सर्वांत महत्त्वाचा भाग आहे, म्हणून इथे जरा थांबू.

अचल बिंदूला x* म्हणा. क्रमिकेतली आत्ताची संख्या त्याच्यापासून e एवढी दूर आहे, म्हणजे x = x* + e. एका पायरीनंतर हा फरक किती होईल? f(x) = r x (1−x) हे आपलं फल. त्याचं विकलज:

```
f'(x) = r (1 - 2x)
```

विकलज म्हणजे आलेखाच्या स्पर्शिकेचा चढ. x मध्ये लहानसा बदल केला, तर f(x) मध्ये त्या चढाच्या पटीत बदल होतो. म्हणून नवा फरक साधारण f'(x*) गुणिले e एवढा येतो. f'(x*) ला आपण गुणक म्हणू. गुणकाचा आकार १ पेक्षा कमी असेल, तर दर पायरीला फरक आटत जातो आणि बिंदू स्थिर असतो. आकार १ पेक्षा जास्त असेल तर फरक फुगत जातो, बिंदू अस्थिर असतो. गुणक ऋण असेल तर दर पायरीला फरकाचं चिन्ह उलटतं, म्हणजे क्रमिका बिंदूच्या एकदा या बाजूला, एकदा त्या बाजूला उतरते.

आपल्या दोन बिंदूंसाठी गुणक काढू. x* = ० ला f'(0) = r. x* = 1 − 1/r ला किंमत घातली की r(1 − 2 + 2/r), म्हणजे 2 − r.

आपलं फल वर्गाचं असल्यामुळे इथे 'साधारण' म्हणण्याचीही गरज नाही. x* + e ही किंमत सूत्रात घालून विस्तार केला, तर नवा फरक अगदी नेमका असा येतो:

```
नवा e = (2 - r) e - r e²
```

r = २.८ ला गुणक −०.८ आहे. वरच्या यादीतून ०.६४२८५७ वजा करून फरक काढा: ०.०४९५७, −०.०४६५४, ०.०३११७, −०.०२७६५, ०.०१९९८, −०.०१७१०. चिन्ह दर वेळी उलटतंय, ते ठीकच. आता लागोपाठच्या फरकांची गुणोत्तरं पाहा: −०.९३९, −०.६७०, −०.८८७, −०.७२३, −०.८५६. यातलं एकही −०.८ नाही. नवशिक्याला इथे वाटतं, की आपलं गणित कुठेतरी चुकलं. चुकलेलं नाही. e² चं पद हे करतं आहे. फरक धन असताना ते पद आटणं कमी करतं, ऋण असताना वाढवतं. जसजसा e लहान होतो, तसतसं e² नगण्य होतं आणि गुणोत्तर दोन्हीकडून −०.८ कडे सरकतं. तुमच्या शीटमध्ये शेजारच्या स्तंभात ही गुणोत्तरं काढून चाळीसाव्या ओळीपर्यंत खाली जा. ते सरकताना स्वतः पाहिलं, की विकलज ही कल्पना पक्की बसते.

आता r चा पट्टा पाहा. r एकपेक्षा कमी असेल तर शून्याचा गुणक १ पेक्षा कमी, म्हणून क्रमिका शून्याला जाऊन मिळते. r १ च्या पुढे गेला की शून्य अस्थिर होतो आणि 1 − 1/r हा बिंदू सूत्रं हाती घेतो. त्याचा गुणक 2 − r; तो −१ आणि १ यांच्यात राहतो, तोवर, म्हणजे r = १ ते ३ पर्यंत, हा बिंदू स्थिर. r १ ते २ मध्ये असेल तर गुणक धन, म्हणून बिंदूच्या जवळ आलेली क्रमिका एकाच बाजूने त्याच्याकडे सरकत जाते. २ ते ३ मध्ये गुणक ऋण, म्हणून हेलकावे खात.

मधोमध r = २ ला गुणक चक्क शून्य आहे. तिथे नवा e = −2e² एवढंच उरतं. ०.२ पासून सुरू केलं तर फरक −०.३, −०.१८, −०.०६४८, −०.००८४, −०.०००१४ असे येतात, आणि पुढच्या पायरीला सुमारे −०.०००००००४. दर पायरीला बरोबर अंकांची संख्या जवळजवळ दुप्पट होते. अशा बिंदूला अतिस्थिर म्हणतात. पुढे त्याचा उपयोग होणार आहे.

r तीनच्या पुढे गेल्यावर

B1 मध्ये ३.२ लिहा. अचल बिंदू ०.६८७५, गुणक २ − ३.२ = −१.२. आकार एकपेक्षा मोठा, म्हणजे अस्थिर. खात्री करायला मुद्दाम अगदी जवळून, ०.६९ पासून सुरू करा. फरक ०.००२५, मग −०.००३०२, मग ०.००३५९. हळूहळू तो दूर ढकलला जातो. मग जातो कुठे?

०.२ पासून सुरू केलं तर लवकर दिसतं: ०.५१२, ०.७९९५४, ०.५१२८८, ०.७९९४७, ०.५१३०२. पुढे ०.५१३०४५ आणि ०.७९९४५५ हे दोन आकडे आळीपाळीने येत राहतात. एका संख्येवर थांबण्याऐवजी क्रमिका दोन संख्यांच्या चक्रात अडकली. आवर्तनकाल १ होता, तो २ झाला.

या दोन संख्या हाताने काढता येतात. पुस्तकांत सहसा f(f(x)) = x हे चौथ्या घाताचं समीकरण लिहून त्याचे अवयव पाडतात. मला पुढची वाट जास्त सोपी वाटते. त्या संख्या p आणि q म्हणा:

```
q = r p (1 - p)
p = r q (1 - q)
```

पहिल्यातून दुसरं वजा करा. डावीकडे q − p उरतो, उजवीकडे r(p − q)(1 − p − q). p आणि q वेगळे आहेत, म्हणून p − q ने भागता येतं, आणि −1 = r(1 − p − q) मिळतं. म्हणजे p + q = (r+1)/r. आता दोन्ही समीकरणांची बेरीज करा आणि p² + q² च्या जागी (p+q)² − 2pq घाला. बेरीज आधीच हातात असल्यामुळे थोड्या आवराआवरीनंतर pq = (r+1)/r² येतं. बेरीज आणि गुणाकार कळले की वर्गसमीकरण तयार, आणि त्याची मुळं अशी:

```
p, q = [ (r + 1) ± √((r + 1)(r - 3)) ] / (2r)
```

वर्गमुळाखाली r − 3 आहे, तो नीट पाहा. r तीनपेक्षा कमी असेल तर ही मुळं वास्तव नाहीत, म्हणजे दोनाचं चक्र अस्तित्वातच नाही. बरोबर ३ ला दोन्ही मुळं २/३ वर एकत्र येतात, आणि तोच तिथला अचल बिंदू. r तीन ओलांडतो त्या क्षणी त्या बिंदूतूनच हे चक्र जन्माला येतं. r = ३.२ घातलं की (४.२ ± ०.९१६५१५)/६.४, म्हणजे ०.७९९४५५ आणि ०.५१३०४५.

चक्र स्थिर आहे का, हे कसं ठरवायचं? पुन्हा विकलज. p पासूनचा लहान फरक पहिल्या पायरीला f'(p) ने गुणला जातो, दुसऱ्या पायरीला f'(q) ने. पूर्ण फेरीचा गुणक म्हणजे या दोघांचा गुणाकार. तो p पासून मोजा की q पासून, सारखाच येतो. r²(1−2p)(1−2q) चा विस्तार करून बेरीज आणि गुणाकार घातले की:

```
चक्राचा गुणक = 4 + 2r - r²
```

r = ३.२ ला हा ०.१६ येतो. शीटशी ताडून पाहू. एकाआड एक आकडे घ्या: ०.५१२८८४ चा ०.५१३०४५ पासून फरक −०.०००१६१, दोन पायऱ्यांनंतर ०.५१३०१९ चा फरक −०.००००२६. गुणोत्तर ०.१६. नेमकं तेच.

दुप्पट होणं पुन्हा पुन्हा का घडतं

r = ३ ला अचल बिंदूचा गुणक −१ असतो. दोन पायऱ्या एकत्र घेतल्या तर त्याचा वर्ग, म्हणजे +१. दोन पायऱ्यांच्या फलाचा, f(f(x)) चा, आलेख काढला तर तिथे तो y = x या रेषेला स्पर्श करून जातो. r थोडा वाढवला की त्या बिंदूपाशी आलेखाचा चढ १ च्या वर जातो, आलेख एस-आकाराने वळतो आणि रेषेला एकाऐवजी तीन जागी छेदतो. मधला छेद म्हणजे जुना, आता अस्थिर झालेला बिंदू. दोन्ही बाजूंचे छेद म्हणजे p आणि q.

या नव्या चक्राचा गुणक १ पासून सुरू होतो आणि r वाढेल तसा खाली उतरतो. सूत्रच सांगतं: r = ३ ला 4 + 2r − r² = १. r = 1 + √5, म्हणजे ३.२३६०६८ ला तो शून्य होतो. तिथे चक्र अतिस्थिर असतं. आणि r² − 2r − 5 = 0 सोडवलं, तर r = 1 + √6 = ३.४४९४९० ला तो −१ वर पोहोचतो. मग आधी एका बिंदूचं जे झालं तेच आता या चक्रातल्या प्रत्येक बिंदूचं होतं: p फुटून दोन, q फुटून दोन. चारचं चक्र तयार होतं. r = ३.५ ला तुम्हाला ०.५००८८४, ०.८७४९९७, ०.३८२८२०, ०.८२६९४१ या क्रमाने चार आकडे फिरताना दिसतील. चारही बिंदूंच्या विकलजांचा गुणाकार सुमारे −०.०३ येतो. तो इतका लहान आहे, कारण ०.५००८८४ हा बिंदू १/२ ला जवळजवळ चिकटलेला आहे आणि १/२ ला विकलज शून्य असतं. म्हणूनच r = ३.५ ला क्रमिका चटकन स्थिरावते.

पुढचे उंबरठे हाताने काढणं अवघड आहे. संगणकाने काढलेल्या किंमती अशा:

```
1 -> 2    3.000000
2 -> 4    3.449490
4 -> 8    3.544090
8 -> 16   3.564407
16 -> 32  3.568759
```

अंतरं घ्या: ०.४४९४९०, ०.०९४६००, ०.०२०३१७, ०.००४३५२. प्रत्येक अंतराला पुढच्याने भागलं तर ४.७५, ४.६६, ४.६७. हे गुणोत्तर शेवटी ४.६६९२०१… वर स्थिरावतं. १९७५ साली लॉस अलामॉसमध्ये मिचेल फाइगेनबॉम एचपी-६५ या हातातल्या कॅल्क्युलेटरवर या किंमती काढत होते. यंत्र संथ होतं, म्हणून पुढची किंमत कुठे असेल याचा आधी अंदाज बांधावा लागे, आणि त्या अंदाज बांधण्यातूनच अंतरं ठरावीक प्रमाणात घटताहेत हे त्यांच्या लक्षात आलं. आणखी मोठी गोष्ट म्हणजे, एकच गुळगुळीत शिखर असलेल्या कितीतरी वेगळ्या फलांनाही हाच आकडा मिळतो. अट एवढीच, की शिखरापाशी फल वर्गाच्या फलासारखं वाकलेलं असावं. अंतरं इतक्या वेगाने घटतात म्हणून अनंत वेळा दुप्पट होऊनही r ३.५६९९४६ च्या पुढे जात नाही.

उंबरठ्यावर संगणक फसवतो

आता आवर्तनकाल ओळखणारा छोटा प्रोग्राम लिहू. सुरुवातीच्या पाच हजार पायऱ्या सोडून द्यायच्या, मग तीच संख्या किती पायऱ्यांनी परत येते ते पाहायचं.

```python
def period(r, x=0.2, skip=5000, tol=1e-6):
    for _ in range(skip):
        x = r * x * (1 - x)
    y = x
    for k in range(1, 65):
        y = r * y * (1 - y)
        if abs(y - x) < tol:
            return k
    return None
```

२.८ ला १, ३.२ ला २, ३.५ ला ४ अशी उत्तरं येतात. आता period(3.0) चालवा. उत्तर २ येतं. पण आपण तर सिद्ध केलं, की r = ३ ला दोनाचं चक्र अस्तित्वातच नाही. क्रमिका २/३ कडेच जाते. मग हा २ कुठला?

गुणक −१ असल्याने e चं पद फरक कमीच करत नाही, फक्त त्याचं चिन्ह उलटवतं. आटण्याचं सगळं काम वर्गाच्या पदावर येतं. दोन पायऱ्यांचा हिशोब केला, तर e² चीही पदं एकमेकांना कापतात आणि उरतं ते असं:

```
दोन पायऱ्यांनी e = e - 18 e³ - 27 e⁴
```

e³ म्हणजे फारच थोडं. यातून n पायऱ्यांनंतरचा फरक साधारण 1/√(18n) एवढा निघतो. n = १००० ला तो सुमारे ०.००७५, पाच हजाराला ०.००३३. म्हणजे पाच हजार पायऱ्यांनंतरही क्रमिका २/३ च्या दोन बाजूंना उड्या मारतेच आहे, आणि लागोपाठच्या दोन संख्यांमध्ये ०.००६७ चं अंतर आहे. दोन पायऱ्यांत होणारा बदल मात्र 18e³, म्हणजे साधारण ०.००००००६७, संगणकाच्या लिखाणात 6.7e-7. प्रोग्रामची सहनमर्यादा 1e-6. त्याच्या दृष्टीने संख्या परत आली.

मर्यादा आणखी कडक केली तर फसवणूक फक्त पुढे ढकलली जाते. खरा उपाय वेगळा आहे: skip चौपट करा आणि लागोपाठच्या दोन संख्यांमधलं अंतर पुन्हा मोजा. उंबरठ्यावर असाल तर ते निम्मं होतं, कारण सूत्रात √n आहे. खरं चक्र असेल तर अंतर हलत नाही. r = ३.००१ ला p आणि q मधलं अंतर ०.०२१०८ आहे आणि कितीही पायऱ्या केल्या तरी ते तेवढंच राहतं. r मध्ये एक हजारांश बदल, आणि अंतर त्याच्या एकवीसपट! हा वर्गमुळाचा परिणाम, म्हणूनच आडव्या अक्षावर r आणि उभ्या अक्षावर क्रमिकेचे शेवटचे आकडे मांडलेल्या प्रसिद्ध आकृतीत फांद्या फुटतात तिथे त्या उभ्याच निघालेल्या दिसतात.

उंबरठ्याच्या जवळपासही घाई करू नये. ३.००१ ला चक्राचा गुणक ०.९९६ आहे, म्हणजे दोन पायऱ्यांत फरक फक्त ०.४ टक्क्याने घटतो. तो हजारपट कमी व्हायला साधारण ३४५० पायऱ्या लागतात. २.९९९ ला तर गुणक −०.९९९, तिथे ६९०० पायऱ्या. दोनशे ओळींची शीट इथे काहीच सांगू शकत नाही. गुणकाचा आकार आधी काढून मग किती पायऱ्या सोडायच्या ते ठरवा. उंबरठ्यांची किंमत स्वतः काढायची असेल, तर माझा सल्ला असा, की उंबरठ्याऐवजी अतिस्थिर r शोधा: २, ३.२३६०६८, ३.४९८५६२, ३.५५४६४१. तिथे क्रमिका सर्वांत झपाट्याने स्थिरावते, x = १/२ हा चक्रातला बिंदू असतो, आणि त्यांच्या अंतरांचं गुणोत्तरही त्याच ४.६६९२ कडे जातं.

सोयीच्या संख्यांपासून सावध

r = ४ ठेवा आणि ०.७५ पासून सुरू करा. शीटमध्ये शेवटपर्यंत ०.७५ च दिसेल. गुणक मात्र २ − ४ = −२, म्हणजे बिंदू चांगलाच अस्थिर. कारण असं, की ०.७५ आणि ०.२५ या संख्या संगणकाच्या द्विमान पद्धतीत तंतोतंत लिहिता येतात, त्यामुळे फरक शून्यच राहतो, आणि शून्याला −२ ने कितीही वेळा गुणलं तरी शून्यच. ०.२५ पासूनही हेच होतं, कारण पुढची संख्या ०.७५ येते. ०.५ घेतलं तर १ आणि मग कायमचा ०. सुरुवात ०.७५०००१ करून पाहा: फरक दर पायरीला दुप्पट होत वीसेक पायऱ्यांत क्रमिका पूर्ण विस्कटते. म्हणून एखाद्या r बद्दल निष्कर्ष काढण्याआधी दोन-तीन वेगळ्या, वाकड्यातिकड्या संख्यांपासून सुरू करून पाहावं.

None आलं तर

period(3.7) ला None येतं. त्यावरून लगेच 'अनागोंदी' असं लिहू नका. None चा अर्थ एवढाच, की ६४ पायऱ्यांच्या आत संख्या परत आली नाही. १२८ चं चक्रही तेच उत्तर देईल. इथेही विकलज उपयोगी पडतो. चक्र असताना आपण त्यातल्या सगळ्या बिंदूंच्या विकलजांचा गुणाकार केला होता. चक्र दिसत नसेल, तर क्रमिका जिथे जिथे जाते तिथल्या विकलजांच्या आकाराचे लॉगॅरिदम घ्या आणि त्यांची सरासरी काढा:

```python
from math import log
r, x, s, N = 3.7, 0.2, 0.0, 100000
for _ in range(N):
    x = r * x * (1 - x)
    s += log(abs(r * (1 - 2 * x)))
print(s / N)
```

या सरासरीला लिआपुनोव्ह घातांक म्हणतात. ती ऋण आली, तर फरक सरासरीने आटताहेत, म्हणजे कुठेतरी स्थिर चक्र आहे आणि period ची मर्यादा वाढवून ते शोधायला हवं. ती ठळकपणे धन आली, तर जवळजवळच्या दोन सुरुवाती एकमेकींपासून दूर फेकल्या जाताहेत. r = ३.२ ला ती −०.९१६ येते, आणि ते ०.१६ च्या नैसर्गिक लॉगॅरिदमचं अर्धं आहे, कारण ०.१६ हा दोन पायऱ्यांचा गुणक होता. r = ४ ला ती ०.६९३ च्या आसपास, म्हणजे २ च्या लॉगॅरिदमएवढी येते. ३.५६९९४६ च्या पुढे सगळीकडे ती धनच असेल असं धरून चालू नका. ३.८३ घालून पाहा: सरासरी ऋण येईल, आणि period(3.83) चं उत्तर ३.